पाहिजेच्या पोटातले तीन शब्द

माझी भाची सई नववीत आहे. गुरुवारी संध्याकाळी ती इंग्रजीची वही घेऊन येते आणि निम्मा वेळ माझ्याशी भांडते. गेल्या गुरुवारी भांडण ‘यू डॅश सी अ डॉक्टर’ या वाक्यावरून झालं. रिकामी जागा भरायची होती आणि कंसात तीन पर्याय होते : शुड, मस्ट, कुड. सईने मस्ट लिहिलं होतं. पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर होतं शुड.

“माझं चुकलं कसं ते सांग,” ती म्हणाली. मला सांगता येईना, कारण तिचं चुकलंच नव्हतं. मुळात वाक्यच अर्धं होतं. कोण बोलतंय, कुणाशी, काय दुखतंय, यातलं काहीच न सांगता नुसती गाळलेली जागा पुढे करायची आणि वर एकच उत्तर बरोबर म्हणायचं, हा असल्या स्वाध्यायांचा जुना दोष आहे.

मग आम्ही माणसं बसवून पाहिली. आजोबांना जिना चढताना छातीत कळ आली आणि आजी म्हणाली, तर मस्ट. आजीच्या डोक्यात न जाण्याची वाटच शिल्लक नाही. आठवडाभर खोकणाऱ्या सहकाऱ्याला आपण म्हणतो तेव्हा शुड. गेलास तर बरं, पण पाय तुझे आणि मर्जीही तुझी. आणि औषधाच्या दुकानातला माणूस म्हणतो, “ही मलम लावून बघा, नाहीतर डॉक्टरांना दाखवता येईल,” तेव्हा कुड. तो काही सुचवतोय, त्याचं वजन टाकत नाहीये. ओळखायची एक सोपी खूण मला त्यात सापडली. वाक्यापुढे “पण मी नाही जाणार” असं जोडून बघायचं. कुडपुढे ते खपून जातं, शुडपुढे जरा अपराधी वाटतं आणि मस्टपुढे भांडण लागतं.

सईची खरी अडचण निराळी होती. तिने वहीत मराठी अर्थ लिहिले होते आणि शुड नि मस्ट, दोन्हींपुढे एकच शब्द होता : पाहिजे. बिचारा शब्द! मूळचा तो ‘पाहणे’ या क्रियापदाचाच, ‘करिजे’, ‘जाणिजे’ यांच्या जुन्या घराण्यातला. आता तो चहा मागतो, सल्ला देतो, हुकूमही सोडतो. “जायला पाहिजे” हे सुस्कारा टाकून म्हटलं तर शुड होतं, टेबलावर हात आपटून म्हटलं तर मस्ट. लिहिताना हात आपटता येत नाही म्हणून आपण ‘च’ लावतो. “जायलाच पाहिजे.” इंग्रजीकडे असा चिकटणारा ‘च’ नाही, त्यामुळे तिला शब्दच बदलावा लागतो. सईने वहीत शुडपुढे पाहिजे आणि मस्टपुढे पाहिजेच असं करून टाकलं. मला ते पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा बरं वाटलं.

यात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडच्या इंग्रजी सूचनांमध्ये शुड भलताच कडक असतो. “स्टुडंट्स शुड वेअर युनिफॉर्म” हा सल्ला नसतो. सल्ला समजून कुणी रंगीत शर्ट घालून जाऊन बघावं. मला वाटतं, त्या शुडच्या मागे आपला ‘-वे’ उभा आहे. “पादत्राणे बाहेर काढावीत”, “शांतता राखावी.” रूप मऊ आणि मुद्दा पक्का. हा ‘-वे’ इंग्रजीत नेताना आपण त्याला शुडचे कपडे घालतो. साहेबाला ते वाचून वाटेल, की घातला तर बरा दिसेल एवढंच म्हणतायत.

सईचे बाबा नेटवर्कच्या कामात आहेत. ते स्वयंपाकघरातून ओरडले, “आमच्याकडे याचा कागदच आहे!” आणि खरंच आहे. इंटरनेटचे नियम लिहिताना मस्ट, शुड आणि मे यांचा अर्थ काय घ्यायचा, हे १९९७ साली आरएफसी २११९ या दस्तऐवजात ठरवून टाकलेलं आहे. मस्ट म्हणजे सक्ती. शुड म्हणजे खास परिस्थितीत सोडायला रास्त कारण असू शकेल, पण सोडण्याआधी परिणाम नीट तोलून बघा. मे म्हणजे तुमची खुशी. दोन यंत्रांचं बोलणं एका शब्दावरून अडू नये म्हणून एवढी काळजी, आणि आम्ही माणसं हात आपटून भागवतो.

नकारात मात्र मराठी मुलं हमखास पडतात. “उद्या शाळेत जायला नको” याचं सईने केलं होतं “यू मस्ट नॉट गो टु स्कूल टुमॉरो.” उद्या सुट्टी आहे, जायची गरज नाही, एवढंच म्हणायचं होतं. तिचं इंग्रजी ऐकून वाटावं, शाळेत बिबट्या शिरलाय. गरज नाही म्हणायला “डोंट हॅव टु” लागतं, मस्ट नॉट म्हणजे “जाता कामा नये.” मराठीत “जाऊ नको” ही मनाई आणि “जायला नको” ही सुटका. आपण हा फरक बोलताना कधी चुकत नाही, म्हणून तिला आधी मराठी जोडीच म्हणून घ्यायला लावली.

कुडचं दुखणं वेगळं. पुस्तकात कॅन म्हणजे ‘शकतो’ आणि कुड म्हणजे ‘शकलो’ असं पाठ करून घेतात. पण सई पोहते, ते आपण “तिला पोहता येतं” असं म्हणतो. अंगी आलेल्या विद्येला आपला शब्द ‘येणं’. इंग्रजी कॅनचाही मूळ अर्थ ‘जाणणं’ असाच होता. म्हणून “सहाव्या वर्षी मला पोहता यायचं” इथे कुड चपखल बसतो. पण “काल धावत जाऊन लोकल पकडू शकले” इथे कुड चालत नाही. एकदाच जमलेल्या गोष्टीला “वॉज एबल टु” किंवा “मॅनेज्ड टु” म्हणावं लागतं. लोकल चुकली असेल तर मात्र “कुडंट” बिनधास्त म्हणा. न जमण्याच्या बाबतीत इंग्रजी एवढं काटेकोर नाही. परवानगी मागताना हाच कुड नुसता अदबीचा होतो, “कुड आय कम इन?” पण परवानगी देणारा उलट “यू कुड” म्हणत नाही, “यू कॅन” म्हणतो. अदब मागणाऱ्याने दाखवायची.

शेवटचा स्वाध्याय भूतकाळाचा होता. शुड हॅव म्हणजे करायला हवं होतं, केलं नाही. कुड हॅव म्हणजे करता आलं असतं, किंवा केलंही असेल, कोण जाणे. आणि मस्ट हॅव म्हणजे “करावं लागलं” असं मुळीच नाही, ते “हॅड टु.” मस्ट हॅव हा आपला अंदाज, “केलं असणार.” सईला हे काही पटेना. ती वही मिटून गेली.

परवा ती सव्वा तास उशिरा आली. दार उघडताच मी सुरू झाले, “फोन करायला हवा होतास! निदान मेसेज तरी करता आला असता!”

“शुड हॅव आणि कुड हॅव,” ती चप्पल काढत म्हणाली. “तुझा फोन कुठाय?”

तो पिशवीत होता, आवाज बंद. वर चार मिस्ड कॉल.

“मस्ट हॅव बीन ऑन सायलेंट,” सई म्हणाली.