आधी पानं, मग गुण

"मॅडम, एका प्रकरणाला किती तास लागतील हे आधीच कसं काढता? पानं बघून की मार्क बघून?"

दोन्ही बघते, पण एकाच वेळी नाही. प्रकरण समजायला किती वेळ लागेल हे पानं आणि अवघडपणा ठरवतात. गुण ठरवतात ते उजळणीचा वेळ. तिन्ही एकदम गुणले, तर कमी गुणांच्या अवघड प्रकरणाला समजण्यापुरतेही तास उरत नाहीत.

राज्य मंडळाचं दहावीचं बीजगणित घ्या. 'सांख्यिकी' साधारण ४० पानांचं, 'वर्गसमीकरणे' २५ पानांचं. मी मुलांना आधी घड्याळ लावून चार-पाच पानं सरावसंचासकट करायला सांगते. समजा पानाला १० मिनिटं लागली. मग सांख्यिकीला साडेसहा तास आणि वर्गसमीकरणांना चार. पण ज्याचे आठवी-नववीचे अवयव कच्चे आहेत, त्याच्या वर्गसमीकरणांच्या वेळेला मी दीडने गुणते. झाले सहा. पंधरा पानं कमी असूनही जवळजवळ तेवढेच तास! अवघडपणाचा हा आकडा पुस्तकावर छापलेला नसतो, तो प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. म्हणून मित्राचं वेळापत्रक उतरवून घेऊ नका.

अशी सहाही प्रकरणं मांडली, तर एका मुलाचे समजण्याचे सुमारे ३३ तास होतात. उजळणीला समजा १५ तास ठेवले. विकल्पांसह ६० गुण धरले, तर १२ गुणांच्या प्रकरणाला तीन तास आणि ८ गुणांच्या प्रकरणाला दोन. एकूण ४८.

आता आठवडे. बीजगणिताला आठवड्याला सहा तास मिळत असले, तरी कागदावर पाचच भरा. पाहुणे, ताप, शाळेची चाचणी यांतलं काहीतरी येतंच, आणि सहावा तास त्यात जातो. म्हणजे आठ नव्हे, दहा आठवडे. उजळणीचे सगळे तास शेवटी ढकलू नका. प्रकरण संपल्यावर पुढच्याच आठवड्यात त्याच्या उजळणीतला एक तास वापरा, बाकीचे शेवटच्या दोन आठवड्यांत.

पहिलं प्रकरण झालं की अंदाज तपासायचा. सहा तास धरले आणि आठ लागले, तर आधी कारण शोधा. एखादी जुनी संकल्पना अडली असेल, तर ते दोन तास त्या प्रकरणापुरतेच. पण प्रत्येकच पानाला वेळ लागला असेल, तर तुमचा वेगच १३ मिनिटांचा आहे, आणि उरलेले २७ तास ३५-३६ होणार. असं झालं तर मी उजळणी कापत नाही. आठवडे वाढवते, आणि तारीख जवळ आली असेल तर सरावसंचातली सारख्या पद्धतीची गणितं एकेक सोडून करायला सांगते.