गुरूजवळच्या उजेडात उघडे पडलेले तीन सेल

त्या दिवशी चाचणीला वीस सोलर सेल होते. प्रत्येकाचं क्षेत्रफळ साधारण 30 चौरस सेंटिमीटर, तिहेरी थरांचे, उपग्रहांवर बसवतात त्याच जातीचे. पृथ्वीजवळच्या उन्हाइतक्या प्रकाशात आदल्या दिवशी सगळे पास झाले होते: प्रत्येकी सुमारे 500 मिलीअँपिअर, 2.3 व्होल्टच्या आसपास. आपापसातला फरक दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे कागदोपत्री वीसही एकसारखेच. मग त्यांना गुरूच्या अंतरावरची परिस्थिती दाखवायची होती.

गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या 5.2 पट लांब आहे. अंतराच्या वर्गाने प्रकाश घटतो, त्यामुळे पृथ्वीजवळ चौरस मीटरला 1361 वॉट मिळतात तिथे गुरूजवळ उरतात जेमतेम 50. वीजही त्याच हिशोबाने 27 पट घटायला हवी. जुनो यानाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा: 2011 साली निघताना त्याच्या तीन लांबलचक पंखांवर 18 हजारांहून अधिक सेल होते. पृथ्वीजवळ ते 14 किलोवॉटपर्यंत वीज देऊ शकले असते. 2016 मध्ये गुरूशी पोचल्यावर हातात आली सुमारे 500 वॉट. इतकी घट आधीच गृहीत धरलेली असते, तिची कुणाला भीती वाटत नाही. भीती असते ती हिशोबाबाहेरच्या घटीची.

प्रकाश कमी करायचा तर दिव्याचा करंट कमी करून चालत नाही. झेनॉन दिवा मंद केला की त्याचा रंग बदलतो. तिहेरी सेलमध्ये वरचा थर निळा-हिरवा प्रकाश खातो, खालचे थर लाल आणि अवरक्त खातात, आणि तिघे एकाच माळेत असल्यामुळे ज्याला कमी मिळालं तोच सगळ्यांचा करंट ठरवतो. रंग बदलला की आपण सेल मोजत नसून दिवा मोजतो. म्हणून दिवा पूर्ण तेजावर ठेवून वाटेत बारीक धातूच्या जाळ्या लावतो. सेल निर्वात पेटीत, द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या पट्टीवर, उणे 125 अंशांवर.

सतरा सेल अपेक्षेप्रमाणे वागले. करंट सुमारे 18.5 मिलीअँपिअर, आणि थंडीमुळे व्होल्टेज चढून 3 व्होल्टच्या आसपास. (सोलर सेलला थंडी मानवते, हे नव्या लोकांना दरवेळी खोटं वाटतं.) उरलेल्या तिघांचे करंट-व्होल्टेजचे आलेख मात्र बिघडले होते.

तंत्रज्ञाचा पहिला संशय पेटीच्या काचेवर. "सर, खिडकीवर हिम धरलं असेल, पुसून पुन्हा घेऊ या." संशय रास्त होता, आमच्याकडे तसं घडतंही. पण काचेवर हिम असेल तर सेलपर्यंत प्रकाशच कमी पोचतो, आणि आलेखाचा सपाट माथा सपाट राहून अख्खाच खाली बसतो. इथे शॉर्ट सर्किट करंट बाकीच्यांइतकाच होता. व्होल्टेज वाढवत नेलं की दोन सेलांचा माथा सुरुवातीपासूनच उतरणीला लागत होता. ही सेलच्या आतल्या गळतीची खूण.

गळती म्हणजे सेलमध्येच तयार झालेली चोरवाट. कापताना कडेला उडालेला टवका, थरांवरून ओढला गेलेला धातूचा कण, चिमट्याचा ओरखडा, काहीही पुरतं. त्यातल्या वाईट सेलच्या उतारावरून या वाटेचा रोध निघाला सुमारे 300 ओहम. आता हिशोब करा. भर उन्हात 2.3 व्होल्टला या वाटेने जातात साडेसात मिलीअँपिअर. पाचशेमधून साडेसात म्हणजे दीड टक्का, आणि आमची सूट होती दोन टक्क्यांची! गुरूजवळ मात्र 3 व्होल्टला त्याच वाटेने जातात 10 मिलीअँपिअर, आणि तयार होतात साडेअठराच. ऊन घटलं, पण गळती घटत नाही. ती व्होल्टेजवर चालते आणि व्होल्टेज तर उलट वाढलेलं असतं.

एकटा सेल मोजला तर तो निम्मी वीज देतो. यानावर सेल एकामागे एक जोडून माळ करतात, आणि माळेत त्याची अवस्था याहून वाईट. शेजारचे निरोगी सेल माळेतून 17.8 मिलीअँपिअर नेतात, म्हणजे यालाही तेवढा करंट द्यावा लागतो. चोरवाटेसाठी उरतात 0.7 मिलीअँपिअर, आणि 300 ओहमवर त्याचे होतात फक्त 0.2 व्होल्ट. तीन व्होल्टच्या जागी पाव व्होल्टसुद्धा नाही. माळेत असे चार-पाच सेल आले की तिचं व्होल्टेज बाकी माळांच्या खाली जातं, माळेतून वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड बंद राहतो आणि अख्खी माळ असून नसल्यासारखी होते. पृथ्वीपासून निघताना याचा मागमूस लागत नाही. यान सूर्यापासून दूर जाऊ लागलं की दर महिन्याला आकडा हिशोबापेक्षा थोडा जास्त खाली दिसत जातो, आणि तोवर हात लावायला सेल आपल्यापाशी नसतात.

खात्री करायला दोन्ही सेल बाहेर काढून अंधारात उलट वापरले, म्हणजे त्यांतूनच करंट सोडला. वरचा थर तेव्हा मंद लाल चमकतो. अर्धा अँपिअर सोडला तर ते निरोगी सेलसारखेच उजळले. 10 मिलीअँपिअरवर निरोगी सेल अजून चमकत होता, हे दोघे जवळपास काळे. एवढा करंट चोरवाटेनेच निघून गेला होता.

अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, एवढी उस्तवार करण्यापेक्षा अणुऊर्जेची बॅटरी लावा. क्युरिऑसिटी रोव्हरवर आहे त्या जातीचा एक जनित्र-संच सुमारे 45 किलोचा. त्यात प्लुटोनियम ऑक्साइड 4.8 किलो, उष्णता 2000 वॉट आणि वीज सुरुवातीला 110 वॉट. जुनोइतकी वीज हवी तर असे पाच लागतील. वजनात तोटा नाही, जुनोचे पंखच 340 किलोचे आहेत. अडतं ते 24 किलो इंधनाशी, कारण प्लुटोनियम-238 फार थोडं आणि सावकाश तयार होतं. शनीपाशी उजेड चौरस मीटरला 15 वॉट, प्लुटोपाशी दीडसुद्धा नाही; तिथे वाद संपतो. आणि जनित्रही झिजतंच. इंधनाचं अर्धायुष्य 87.7 वर्षं, म्हणजे 14 वर्षांत उष्णता दहा टक्के घटते, पण वीज त्याहून जास्त, कारण उष्णतेची वीज करणाऱ्या थर्मोकपलच्या जोड्याही खराब होत जातात. फरक इतकाच की ती उतरण सावकाश आणि अंदाजात असते, सेलसारखी दडून बसत नाही.

तिसरा सेल राहिला. त्याचा माथा सपाट होता, पण गुडघ्यापाशी, म्हणजे माथा संपून आलेख खाली वळतो तिथे, तो मध्येच खचून पायरी पडली होती. जाळ्या तशाच ठेवून पट्टी खोलीच्या तापमानापर्यंत आणली तर पायरी गायब. पुन्हा थंड केली, पुन्हा हजर. गळती असती तर उबेतही दिसली असती. हा अडथळा बहुधा सेलवरच्या धातूच्या संपर्कापाशी होता, जो उबेत करंटला सहज ओलांडता येतो आणि थंडीत भिंत बनतो. तोवर आमच्यात एक स्वस्त तोडगा चर्चेत होता: मंद प्रकाशाची चाचणी खोलीच्या तापमानावरच घ्यायची आणि नायट्रोजनचा खर्च वाचवायचा. पहिले दोन सेल त्यात सापडले असते, हा तिसरा बिनबोभाट पुढे गेला असता. तेव्हापासून प्रत्येक सेल थंड करूनच मोजतो. एका फेरीला बराच वेळ जातो आणि काचेवर हिम खरोखरच धरतं, म्हणून खिडकीवर कोरडा नायट्रोजन सोडून ठेवतो.