देठ दाखवा

खानापूरकडची जुनी घरं कौलारू, पुढे ओसरी आणि वळचणीला वासे-रिपा उघड्याच. किड्यांना याहून सोयीची जागा कुठली? पाऊस लागत नाही, आणि खाली वावरणारी माणसं सहसा मान वर करत नाहीत. ती वर बघतात घराला रंग काढायचा ठरला की. मग फोटो निघतात आणि नात्यात ज्याला किड्यांतलं थोडंफार कळतं त्याच्या फोनवर येऊन पडतात. आमच्यात तो मान माझा. प्रश्न ठरलेला: "दादा, हे मोहोळ हाय काय? काढायला कुणाला बोलवू काय?"

मातीचं असेल तर उत्तर द्यायला वेळ लागत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात एकीला एक चिकटलेल्या मातीच्या नळ्या आणि वरून लिंपल्यासारखा थर दिसला, की ती कुंभारीण. प्रत्येक नळीत एक अंडं आणि सोबत नांगी मारून लुळे केलेले कोळी. अळी बाहेर आली की तिने ते खायचे. नळीला गोल भोक दिसत असेल तर पिल्लू उडून गेलंय आणि घर रिकामं आहे. कुंभारीण एकटी राहते, घराच्या राखणीला कधी बसत नाही, आणि मुठीत धरल्याशिवाय सहसा चावत नाही. खरवडा म्हणून सांगतो. पण भोक नसलेली नळी थोडे दिवस राहू दिली तर रंगाचं काही बिघडत नाही.

खरा घोटाळा षटकोनांचा. षटकोनी घरं दिसली की लोकांच्या डोळ्यांपुढे मध येतो. पण गांधीलमाशीची घरंही षटकोनीच असतात. म्हणून फोटोत मी षटकोन बघतच नाही. ते कुठल्या बाजूला उघडतात ते बघतो.

परवा वहिनीने पाठवलेला फोटो घ्या. वाशाखाली तळहाताएवढी राखाडी चकती, फोटो बरोबर खालून काढलेला, आणि सगळी घरं तोंड उघडून आपल्याकडे बघतायत. इथेच निम्मं उत्तर मिळालं. मधमाशीचं पोळं पडद्यासारखं उभं लोंबतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी घरं असतात. खालून बघितलं तर त्याची फक्त कड दिसायला हवी. गांधीलमाशीच्या पोळ्याला मात्र एकाच बाजूला घरं असतात आणि वाशाखालच्या पोळ्यात ती बहुधा जमिनीकडे उघडतात.

तरी भिंतीला लागून केलेलं पोळं तिरकं किंवा उभंही असू शकतं, म्हणून कळवलं, "बाजूने एक काढ, लांबूनच, झूम करून. देठ दाखव." दुसऱ्या फोटोत देठ आला: चकतीच्या पाठीवरून निघून वाशाला चिकटलेला, काळसर, उदबत्तीच्या काडीएवढा. सगळं पोळं त्याच्यावर तोललेलं. हा बारीकपणा कामाचा आहे. पोळ्यातल्या अळ्यांवर मुंग्यांचा डोळा असतो आणि त्यांना यायला तेवढीच एक वाट. त्या देठावर गांधीलमाशी मुंग्यांना नकोसा वाटणारा स्राव पोटाने चोळून ठेवते. पोळं मेणाचंही नाही. सुकलेलं लाकूड कुरतडून, लाळेत मळून केलेला तो कागद. म्हणून रंग राखाडी. काही घरांना पांढरी, फुगीर टोपणं होती. त्यांत कोष असतात, मध नव्हे.

आता आग्या मोहोळ. त्याच्या फोटोत षटकोन जवळजवळ दिसतच नाहीत, कारण माश्यांचा थर सगळं पोळं झाकून बसलेला असतो. देठ नाही, वरची अख्खी कड छताला चिकटलेली, आणि रुंदी कधीकधी हातभराहून जास्त. बेळगावात ते पाण्याच्या टाक्यांखाली आणि उंच इमारतींच्या सज्जांना बघायला मिळतं. आमच्या इकडे कन्नड बोलणारे त्याला हेज्जेनु म्हणतात आणि दबकून म्हणतात. असा फोटो आला की दुसरा मागवत नाही. पुन्हा कुणी जवळ जाऊ नये. पावसाच्या तोंडाला ते बहुधा आपणहून उठून जातं. मागे उरतं मेणाचं रिकामं अर्धवर्तुळ. त्याचा फोटो आला तरी चिकटलेली लांब कड बघून ओळख पटते.

सातेरी मधमाश्या वळचणीच्या फोटोत सहसा येतच नाहीत. त्यांना अंधार लागतो; भिंतीच्या पोकळीत किंवा झाडाच्या ढोलीत त्या एकामागे एक पोळी लावतात. बाहेर दिसते ती फक्त फटीतून चाललेली ये-जा.

वहिनीला शेवटी लिहिलं, गांधील आहे, मध नाही. पोळ्याला धक्का लागला तर सगळ्या मिळून येतील. ओसरीच्या दाराच्या डोक्यावर असतं तर जाणत्याकडून काढून घ्यायला सांगितलं असतं, पण हे मागच्या वळचणीला, शिडीशिवाय हात न पोचणारं. शिवाय कोबीवरच्या अळ्या त्याच पकडून नेतात. तिचा निरोप आला: "मग पेंटरला मागची बाजू नंतर कर म्हणून सांगते."