चालू करणे आणि चालू ठेवणे

"रक्तात जंतू वाढले नाहीत, कल्चर निगेटिव्ह आलं म्हणता, पण संसर्ग नव्हताच अशी खात्री देत नाही. मग दोनच दिवसांत अँटिबायोटिक बंद का करता? पाच-सात दिवसांचा कोर्स पूर्ण केला तर काय बिघडणार आहे?"

नवजात बाळांचे आईवडील हे विचारतात, आजी विचारते आणि रात्रपाळीचे निवासी डॉक्टर तर दर आठवड्याला विचारतात. काय बिघडते ते मी एका बाळाच्या बाबतीत पाहिले आहे, आणि तिथे निर्णय माझाच होता, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

अँटिबायोटिक सुरू करताना मी हात आखडता घेत नाही, हे आधी सांगायला हवे. आईची पाणमोट फुटून १८ तासांहून अधिक काळ गेला असेल, कळांच्या काळात तिला ताप असेल, गर्भाशयात संसर्ग झाल्याची शंका असेल, तिच्या योनिमार्गात ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू असल्याचे माहीत असून प्रसूतीच्या किमान चार तास आधी पेनिसिलिन मिळाले नसेल किंवा बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असेल, तर माझा संशयाचा उंबरठा खाली येतो. नवजात बाळाचा सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग, ओरडून येत नाही. बाळ जरा कण्हते, दूध ओढत नाही, अंग गार पडते, श्वास मध्येच थांबतो, आणि यातले प्रत्येक लक्षण संसर्गाशिवायही दिसते. खऱ्या सेप्सिसमध्ये काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. म्हणून रक्त कल्चरला घ्यायचे आणि लगेच अँपिसिलिन व जेंटामायसिन सुरू करायचे. पहिल्या ७२ तासांत येणारा संसर्ग बहुधा आईकडून, जन्माच्या आधी किंवा जन्मताना आलेला असतो. त्यातल्या ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसवर आणि लिस्टेरियावर अँपिसिलिन चालते, ई. कोलायसारख्या जंतूंवर जेंटामायसिन. ज्या विभागात पहिल्या तीन दिवसांतच क्लेब्सिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर सापडतात, तिथे ही जोडी अपुरी पडू शकते, आणि तिथली निवड तिथल्याच कल्चरच्या नोंदी पाहून करावी लागते.

पण ही सगळी कारणे सुरू करण्याची आहेत. हे वाक्य मला कळायला बरीच वर्षे लागली.

ते बाळ २९ आठवड्यांचे होते, वजन १,१५० ग्रॅम. आईचे पाणी ३० तासांपूर्वी गेले होते आणि तिला ताप होता. बाळाला जन्मतःच श्वासाचा त्रास होता, जो त्या वयात फुप्फुसे उघडी ठेवणाऱ्या सर्फॅक्टंटच्या कमतरतेमुळे अपेक्षितच असतो. सर्फॅक्टंट दिल्यावर काही तासांत त्याची ऑक्सिजनची गरज उतरली. कल्चर घेतले आणि औषधे सुरू केली. इथपर्यंत आजही मी तसूभर वेगळे करणार नाही.

४८ तासांनी कल्चर निर्जंतुक होते. बाळ नाकावाटे हवेचा दाब देणाऱ्या सीपॅपवर शांत होते, रक्तदाब ठीक होता, लघवी ठीक होती. कागदावर खटकणारी एकच गोष्ट होती, रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी. तो २४ तासांनी १८ होता, ४८ तासांनी २६. मी औषधे चालू ठेवली. पाचव्या दिवशी बाळाचा श्वास दोनदा थांबला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे नित्याचे असते, आणि मी स्वतः ते विद्यार्थ्यांना शिकवीत असे. तरीही त्या दिवशी मला ते सेप्सिसचे लक्षण वाटले, कारण सेप्सिस आहे असे मी तीन दिवसांपूर्वीच मनाशी ठरवले होते. अँपिसिलिन-जेंटामायसिन काढून मी सेफोटॅक्झिम आणि अमिकासिन लावले. "सेप्सिस चालू आहे" म्हणून दूधही वाढवले नाही. त्या बाळाची आई दर तीन तासांनी सिरिंजमध्ये दीड-दोन मिलिलीटर चीक घेऊन यायची, तो अतिदक्षता विभागाच्या दारावर द्यायची, आणि मी त्यातले थोडेसेच वापरून बाकीचा फ्रीजमध्ये ठेवायला सांगायचे. दहाव्या दिवशी सीआरपी ४ आला. औषधे बंद केली आणि कोर्स पूर्ण झाल्याचे समाधानाने लिहिले.

तेराव्या दिवशी पहाटे नर्सने पोट फुगल्याचे दाखवले. नळीतून हिरवे पाणी येत होते. एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीत हवेच्या बारीक रेघा दिसत होत्या, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, आतडे सडवणारा आजार. त्या दिवशी घेतलेल्या रक्तकल्चरमध्ये चौदा तासांत जंतू वाढलेला दिसला. क्लेब्सिएला होता, आणि सेफोटॅक्झिमला दाद न देणारा होता. मेरोपेनेम दिले, शस्त्रक्रिया झाली. सतराव्या दिवशी बाळ गेले.

आता माझी तेव्हाची बाजू मांडते, कारण ती खोटी नव्हती. आईला ताप होता, पाणी जाऊन ३० तास झाले होते, सीआरपी चढत होता. औषध थांबवले असते आणि बाळ तिसऱ्या दिवशी कोसळले असते, तर मला कोणी माफ केले नसते. औषध चालू ठेवून जे घडते त्याचा जाब मात्र कोणी विचारत नाही, कारण ते दहा दिवसांनी, दुसऱ्याच नावाने येते. त्या आईनेही मला विचारले नाही. तिने उलट "तुम्ही सगळं केलंत" असे म्हटले, आणि ते वाक्य मला अजून सहन होत नाही.

सीआरपीबद्दल मी तेव्हाच्या माझ्याशी भांडते ते असे. सीआरपी यकृतात तयार होतो, दाह झाल्यावर सहा-आठ तासांनी वाढू लागतो आणि एक-दोन दिवसांत शिखर गाठतो. तो जंतू ओळखत नाही. लांबलेली, कष्टाची प्रसूती, गुदमरणे, फुप्फुसात गेलेली बाळाची पहिली शी म्हणजे मेकोनियम, आईचा ताप, या सगळ्यांनी तो संसर्गाविनाही चढतो. दोन वेळा तपासून तो कमीच राहिला, तर संसर्ग नसल्याची साक्ष तो बऱ्यापैकी देतो. तो वाढला असेल, तर मात्र एवढ्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. मी त्याचा उपयोग नेमका उलटा केला. हाच आकडा उतरल्यावर "औषध लागू पडले" असे मानणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे, कारण तो तसाही उतरला असता.

हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या चार हजारांहून अधिक बाळांच्या नोंदींचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्चर निर्जंतुक असूनही पहिला कोर्स पाच दिवस किंवा अधिक चाललेल्या बाळांत आतड्याचा हा आजार किंवा मृत्यू यांचे प्रमाण जास्त आढळले. हा संबंध आहे, पुरावा नव्हे. जास्त आजारी बाळांनाच जास्त दिवस औषध दिले गेले असणार, हा आक्षेप मी स्वतःही घेतला असता. पण त्यामागचे कारण समजायला अवघड नाही. या वयात आतड्यात जंतूंची पहिली वस्ती बसत असते. आपण औषधाला दाद देणारे जंतू मारत राहतो आणि रिकामी जागा विभागातल्या प्रतिरोधी जंतूंना मिळते. सेफोटॅक्झिमसारख्या औषधांनी हे अधिक होते आणि कँडिडा बुरशीचा धोकाही वाढतो. म्हणूनच मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची, शंका नसेल, तर पहिल्या दिवशी मी ते वापरत नाही.

उशिरा येणारा, म्हणजे ७२ तासांनंतरचा सेप्सिस, हा मुळात वेगळा आजार आहे. तो बहुधा बाळाच्या आजूबाजूला असलेल्या हातांतून, मोठ्या शिरेतल्या सेंट्रल लाइनमधून, व्हेंटिलेटरच्या नळीतून येतो. त्याला अँपिसिलिन बहुधा पुरत नाही. स्टॅफिलोकॉकससाठी वेगळे औषध लागते आणि क्लेब्सिएलासारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंसाठी विभागाचा अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते याचा तक्ता, पाहून दुसरे. कोर्स लांबवून हा आजार टळत नाही. माझ्याच देखरेखीखालच्या एका पूर्ण दिवसांच्या मुलीचे औषध मी ३६ तासांनी थांबवले होते आणि अकराव्या दिवशी ती ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसचा मेनिंजायटिस घेऊन परत आली. तिच्या आजोबांनी मला पुष्कळ बोल लावले. पहिल्या आठवड्यानंतरचा हा आजार आईला कळांच्या वेळी दिलेल्या पेनिसिलिननेही रोखला जात नाही, आणि पहिल्या दिवसांतला सात दिवसांचा कोर्सही तो रोखू शकला असता असे मला वाटत नाही. ही गोष्ट त्या आजोबांना पटली नाही, आणि ते पटवण्याची वेळही नव्हती.

सर्वच बाळांचे औषध मी लवकर बंद करते, असा समज मात्र होऊ नये. कल्चरमध्ये रोगजंतू सापडला, तर साध्या रक्तसंसर्गाला साधारण दहा दिवस, ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसच्या मेनिंजायटिसला किमान चौदा आणि ग्रॅम निगेटिव्ह मेनिंजायटिसला किमान एकवीस दिवस द्यावेच लागतात. मेनिंजायटिस आहे की नाही, हे पाठीतले पाणी तपासल्याशिवाय कळत नाही. खरी अडचण उरते ती कल्चर निर्जंतुक असूनही रक्तदाब सांभाळू न शकणाऱ्या बाळाची. त्याचे औषध मी ४८ तासांनी थांबवत नाही, आणि किती दिवसांनी थांबवायचे याचे ठाम उत्तर माझ्यापाशी नाही. बरे दिसणाऱ्या, दूध पचवणाऱ्या बाळाचे मात्र थांबवते. खरे रोगजंतू बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच यंत्रात वाढलेले दिसतात आणि ३६ ते ४८ तासांनंतर प्रथमच उगवणारे फार थोडे असतात.

याला एक अट आहे, आणि त्या बाळाच्या बाबतीत मला छळणारी शंका तिथेच आहे. कल्चरच्या बाटलीत किमान एक मिलिलीटर रक्त गेलेले असले पाहिजे. बाळाच्या रक्तात जंतूंची संख्या कधीकधी इतकी विरळ असते, की अर्ध्या मिलीत एकही जंतू न येण्याची शक्यता राहते. त्या बाळाच्या केसपेपरवर मी नंतर बराच वेळ शोधले. कल्चर घेतल्याची वेळ होती, कोणत्या हातातून घेतले तेही होते, रक्त किती घेतले हे कुठेच नव्हते. ते अर्धा मिली असेल, तर पहिल्या कल्चरवर विसंबून औषध थांबवायला हवे होते, हे म्हणण्याचा आधारच निसटतो. म्हणून आता बाटलीच्या लेबलावर वेळेशेजारी मिलिलीटर लिहिल्याशिवाय मी ती प्रयोगशाळेकडे जाऊ देत नाही.