मांजरपाटावरचे चौकोन आणि 1965 चा कुर्ता

काम असं होतं: तिशीतल्या एका बाईंचा स्टुडिओत काढलेला रंगीत फोटो, आणि त्यावर साठच्या दशकातला पोशाख. फोटो चांगला होता. राखाडी पडदा, डावीकडून वरून येणारा मऊ प्रकाश, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर, मांडीच्या मध्यापर्यंतची चौकट. अंगात आजचा बिनबाह्यांचा सैलसर रेयॉनचा कुर्ता, रुंद व्ही गळा, खोल मुंढे. त्यांना फोटोवर पिवळट छटा चढवून नको होती. त्या काळात शिवलेला कपडा अंगावर दिसायला हवा होता.

‘साठचं दशक’ एवढ्यावर काम सुरू करता येत नाही. 1961 आणि 1969 मध्ये कपड्यांचा फरक फार मोठा आहे. आम्ही 1965 धरलं, आणि मुंबईच धरली. अंगाबरोबर बसणारा, बिनबाह्यांचा कुर्ता आणि चुडीदार ही तेव्हाची खास ओळख. त्याच वर्षीच्या ‘वक्त’ चित्रपटात साधनाने घातलेले असे कुर्ते मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी केले होते, आणि ती फॅशन पुढे घरोघरच्या शिंप्यांकडे पोचली. निवडीमागे एक व्यवहाराचं कारणही होतं. बोट नेक आणि वर उचललेला मुंढा असलेला कुर्ता मूळच्या कुर्त्यापेक्षा जास्त अंग झाकतो. फोटोत नसलेली त्वचा रंगवावी लागली की हात आणि खांदे मेणाचे दिसू लागतात. नवा कपडा जुन्यापेक्षा जास्त झाकणारा निवडला तर ती वेळच येत नाही.

माझ्या सहकाऱ्याने सकाळी पहिला प्रयत्न फोटोशॉपमध्येच केला. Liquify ने कुर्त्याची कंबर आत ढकलली, वर फुलांची छपाई Multiply करून टाकली. पडद्यावर बारीक कंबर दिसत होती, पण कपडा खोटा वाटत होता. तेवढ्यात नेहमीच्या कामासाठी आलेले टेलर मास्तर मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “ताई, ह्याला टक्सच नाहीत. मग कापड गेलं कुठे?”

त्यांचा प्रश्न मापांत मांडला की अडचण कळते. छाती 34, कंबर 28. ताणलं न जाणारं सुती कापड आहे, तेव्हा थोडी सैल जागा ठेवावीच लागते: तयार कुर्ता छातीत साडेछत्तीस, कमरेत तीस. म्हणजे छातीपासून कमरेपर्यंत साडेसहा इंच कापड नाहीसं व्हायला हवं. त्या काळच्या बेतात यातले चार इंच चार उभ्या टक्समध्ये जातात. पुढे दोन, मागे दोन, प्रत्येक कमरेपाशी एक इंच आणि दोन्ही टोकांना निमुळता. उरलेले अडीच इंच दोन्ही बाजूंच्या शिलाईत विभागतात. शिवाय बगलेतून छातीकडे येणारा आडवा टक्स असतो, तो छातीच्या टोकाआधी साधारण इंचभर थांबतो. Liquify मध्ये सगळं कापड फक्त कडेने आत सरकतं, मधल्या भागातली फुलं नुसती चेपली जातात आणि एकही शिलाई दिसत नाही. आजच्या कपड्यात हे खपून जातं, कारण आजचं बरंचसं कापड ताणतं. 1965 च्या पॉपलिनमध्ये लायक्रा नाही. कापड ताणत नसेल तर आकार कापणीतून आणि टक्समधूनच येतो, आणि तसं शिवलेलं डोळ्याला लगेच कळतं.

म्हणून कुर्ता आधी खराखुरा शिवायचा असं ठरलं. मास्तरांनी कागदावर बेत काढला: मुंढा साडेसात इंच, बोट गळा रुंदीला नऊ आणि पुढे तीन इंच खोल, खांद्याची पट्टी दोन इंच, मागे झिप. पुढून झिप दिसत नाही, पण तिचा परिणाम दिसतो, कारण पुढचा गळा अखंड राहतो, बटणपट्टी नाही. गळ्याला आतून पट्टी लावून उलटवायची, वरून टीप मारायची नाही. वर दिसणारी टीप गळ्याला लगेच आजच्या तयार कपड्याचा तोंडवळा देते.

कापड म्हणून मांजरपाट घेतलं. ते आधी धुऊन खळ काढणं आवश्यक असतं. खळीसकट शिवलं तर घड्या पुठ्ठ्यासारख्या मोडतात आणि पॉपलिनचा भास येत नाही. धुतल्यावर आटलेलं कापड इस्त्री केलं आणि कापणीच्या आधी त्यावर फिकट निळ्या पेन्सिलीने एक-एक इंचाचे चौकोन आखले, ताण्याच्या आणि बाण्याच्या धाग्याला धरून. या चौकोनांसाठीच सगळा खटाटोप होता.

शिवलेला नमुना त्याच मापाच्या डमीवर चढवला आणि मूळ फोटोसारखाच त्याचा फोटो काढायचं ठरवलं. मूळ फोटोच्या फाइलमध्ये लेन्स 85 मिमी आणि छिद्र f/5.6 नोंदलेलं होतं, अंतर आणि कॅमेऱ्याची उंची फोटोग्राफरकडून विचारून घेतली. प्रकाशाची जागा त्या बाईंच्या डोळ्यांनी सांगितली. दोन्ही बुबुळांत वर डावीकडे चौकोनी चमक होती, म्हणजे सॉफ्टबॉक्स तिथे होता. नाकाखालच्या सावलीची लांबी जुळेपर्यंत आम्ही दिव्याची उंची बदलत राहिलो. अंतर चुकलं तर लेन्स बरोबर असूनही खांदे आणि कंबर यांचं प्रमाण बिघडतं, आणि नंतर आकार लहानमोठा करून ते सुधारत नाही.

डमीचा फोटो पडद्यावर मोठा केला तेव्हा सगळे गप्प झाले. टक्सच्या वरच्या टोकाला चौकोन धड होते. तिथून खाली येताना शिलाईला लागलेले चौकोन अरुंद होत गेले, कमरेवर एक अख्खा इंच गायब होता, आणि खाली कंबर संपल्यावर तो हळूहळू परत आला. बगलेच्या टक्सवर आडव्या रेघा एकमेकींना भेटतच नव्हत्या, शिलाईवर मोडून वेगळ्या कोनात जात होत्या. छपाईचं कापड शिवल्यावर फुलांचं नेमकं हेच होतं. अडीच इंचाचं फूल कमरेवर आलं तर त्याचा मधला इंच शिलाईत जातो आणि दोन पाकळ्यांचे तुकडे एकमेकांना चिकटतात. कोणतंही फिल्टर हे करत नाही. Displace कापडाच्या उंचसखलपणाप्रमाणे छपाई वाकवतं, पण ती तोडू शकत नाही.

पुढचं काम मग सरळ झालं. पुढच्या भागाचे शिलाईप्रमाणे वेगवेगळे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यावर सपाट छपाई स्वतंत्र ठेवली आणि Warp ने तिचे इंच मांजरपाटावरच्या इंचांवर बसवले. प्रमाणाचं गणित साधं आहे. एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत 13 इंच, फोटोत 780 पिक्सेल, म्हणजे इंचाला 60. अडीच इंचाचं फूल 150 पिक्सेलचं. बहुतेक वेळा छपाई डोळ्याच्या अंदाजाने टाकली जाते आणि फुलं निम्म्या आकाराची होतात, मग कुर्ता झबल्याच्या कापडाचा वाटतो.

सावल्या आणि घड्यांसाठी डमीच्या त्याच फोटोचा Blue चॅनल वापरला. त्यात निळ्या रेघा पांढऱ्या कापडात विरून जातात आणि फक्त घड्या उरतात. या चॅनलमध्ये दाणे जास्त दिसतात, ते थोडे मऊ करावे लागतात. पेन्सिल गडद दाबली असेल तर रेघा पुरत्या जात नाहीत, म्हणून आखताना हात हलका हवा.

छपाईबद्दल मी आग्रही होते. आजच्या डिजिटल छपाईत शेकडो छटा येतात. टेबलावर हाताने केलेल्या स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे रंग मोजके आणि सपाट. आम्ही मोतिया जमिनीवर चारच ठेवले: मोहरी, शेवाळी, विटकरी आणि बाह्यरेषेला गडद तपकिरी. खऱ्या छपाईत रंग किंचित सरकलेला असतो. तो सरकवायचा तर अख्ख्या स्क्रीनभर एकाच दिशेने सरकवायचा, कारण कारागिराची स्क्रीन एकसंध सरकते. आम्ही मोहरी रंग दोन पिक्सेल उजवीकडे नेला. प्रत्येक फुलात वेगळ्या दिशेने सरकवलं की ते हाताने रंगवलेलं वाटतं, छापलेलं वाटत नाही.

चेहऱ्याला जवळजवळ हात लावला नाही. कपाळावर साधना कट, माथ्यावर थोडे फुगवलेले केस, डोळ्यांच्या कडेला बाहेर ओढलेली काजळरेघ, एवढंच. केस फुगवताना वरची कड गुळगुळीत ठेवू नये, विंचरून फुगवलेल्या केसांतून पडद्याचा प्रकाश थोडा आरपार येतो. मनगटावरचं स्मार्टवॉच काढून अरुंद पट्ट्याचं छोटं घड्याळ दिलं, आणि रुंद पट्ट्याखाली राहिलेला त्वचेचा फिका भाग आसपासच्या रंगाला जुळवला. पिवळी छटा अजिबात दिली नाही. त्या काळचा फोटो काढला तेव्हा पिवळा नव्हता, तो वर्षांनी झाला. आपल्याकडे साध्या स्टुडिओत तेव्हा कृष्णधवलच चालत असे, आणि रंग हवा तर छापील फोटोवर हाताने भरत. पण त्या बाईंना कुर्त्याचे रंग बघायचे होते, म्हणून रंगीतच ठेवलं.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. डमीला श्वास नाही आणि खुर्चीवर टेकलेल्या हाताचा ताण तिच्या कापडात उतरत नाही. उजव्या मुंढ्यापासून छातीकडे जाणाऱ्या ताणाच्या दोन तिरक्या रेषा आम्हाला मूळ फोटोतल्या सैल कुर्त्यावरून अंदाजाने बसवाव्या लागल्या. मास्तरांनी त्या पाहून एक रेषा खाली आणायला लावली: ताण शिलाईपासून सुरू होतो, मुंढ्याच्या मोकळ्या कडेपासून नाही.

फोटो पसंत पडल्यावर त्या बाईंनी ठिपक्यांच्या कापडातही एक प्रत मागितली. तुकडे आधीच वेगळे असल्याने फक्त सपाट छपाई बदलायची होती, पण ठिपके फुलांपेक्षा अवघड निघाले. फुलाची तुटलेली पाकळी नजरेआड होते, अर्ध्या इंचाचा ठिपका टक्सवर अर्धचंद्र होऊन डोळ्यात खुपतो. शिवणारा शिंपीही कापताना हे बघतो. मास्तरांच्या सांगण्यावरून ठिपक्यांची ओळ पाव इंच बाजूला घेतली, तेव्हा छातीजवळ टक्सचं टोक दोन ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आलं. कमरेवरचे तुटलेले ठिपके तसेच ठेवले, कारण कमरेत इंचभर कापड आत गेल्यावर ते तुटणारच.