केशरी डायल आणि चारचं ऊन

काम साधं वाटलं होतं. एका बांधकाम कंपनीने साइटवरच्या सेफ्टी ऑफिसरांना स्मार्टवॉच दिली होती आणि त्यासाठी वेअर ओएस या गूगलच्या घड्याळांच्या प्रणालीवर चालणारी डायल आम्ही करून द्यायची होती. लोगोचा केशरी रंग दिसला पाहिजे, एवढीच त्यांची अट. काळ्या पार्श्वभूमीवर केशरी आकडे, भोवती सहा कॉम्प्लिकेशन्स, म्हणजे वेळेखेरीज दिसणाऱ्या माहितीच्या खिडक्या: तारीख, पावलं, नाडीचे ठोके, हवामान, बॅटरी आणि कामगारांच्या पाणी-सावलीच्या सुट्टीला किती मिनिटं उरली हे दाखवणारी कमान. बाणेरच्या ऑफिसात ती डायल फार देखणी दिसायची. हिंजवडीच्या साइटवरून मात्र फोन आला, "मॅडम, दुपारी हे घड्याळ आंधळं होतं."

मी गेले तो मे महिन्याचा मध्य होता. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. यापेक्षा कडक परीक्षा कुठली मिळणार, म्हणून मी मुद्दाम तीच वेळ धरली. साडेबाराला स्लॅबवर उभं राहून घड्याळ पाहिलं, तर जरा फिकट, पण वाचता येत होतं! तक्रार करणारे साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्ता नाही हो. चारला या, त्या टोकाला."

चारला ते टोक पश्चिमेकडे तोंड करून होतं. साहेबांनी मनगट छातीजवळ आणलं आणि केशरी आकडे खरंच गायब झाले. काचेत दिसत होतं ते त्यांचं पोपटी जॅकेट.

इथे सगळी गंमत आहे. स्क्रीनवर पडणारं ऊन थेट डोळ्यात येत नाही, येतं ते काचेतलं प्रतिबिंब. साध्या काचेचा वरचा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्के परत फेकतो. डायल छातीकडे कललेली असेल तर काचेत आपलीच छाती दिसते. भर दुपारी ऊन उभं पडतं, त्यामुळे जॅकेटची समोरची बाजू तशी अंधारात राहते. चारला सूर्य साधारण चाळीस अंशांवर उतरतो आणि समोरून जॅकेटवर आदळतो. पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात आणि पृष्ठभागाची चमक निटमध्ये. तेव्हा जॅकेटवर ७० हजार लक्सच्या आसपास उजेड धरला आणि त्यातला ८० टक्के ते परत पाठवतं असं मानलं, तर त्याची चकाकी १७-१८ हजार निट होते. तिचे ४ टक्के म्हणजे सुमारे ७०० निट. घड्याळाच्या स्क्रीनची कमाल चमक कागदावर १००० निट. म्हणजे जो भाग आपण काळा समजतो, तोच ७०० निटने उजळलेला असतो.

मग रंगांचा हिशेब मी तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसून केला. पांढरा आकडा पूर्ण १००० निट देतो, त्यात प्रतिबिंबाचे ७०० मिळवले की १७००. भागिले ७००, म्हणजे पार्श्वभूमीच्या जेमतेम २.४ पट. आमचा केशरी #FF6600 पांढऱ्याच्या ३१ टक्केच उजेड देतो, त्यामुळे त्याचं गुणोत्तर १.४ पटीवर येतं. लाल १.३, आणि निळा तर १.१, कारण डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात निळ्याचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपासच असतो. वेबच्या मजकुरासाठीची WCAG नियमावली छोट्या अक्षरांना ४.५ आणि मोठ्यांना ३ पट मागते. पांढराही तिथे नापास होतो. केवळ रंग बदलून हे सुटणार नव्हतं. जे रंगाला जमत नाही ते आकाराकडून आणि रेषेच्या जाडीकडून काढून घ्यायचं.

त्याआधी एक किरकोळ काम केलं. साहेबांच्या घड्याळावर फक्त कडेला चिकटलेला स्क्रीन गार्ड होता. मधे हवा असली की काचेचे पृष्ठभाग एकाचे तीन होतात आणि प्रतिबिंबही जवळजवळ तिप्पट. तो काढला. उन्हापासून हाताला वाचवणारी कापडी बाही घड्याळाच्या काचेवर सरकली होती, तीही वर केली. प्रकाशाचा सेन्सर झाकला तर घड्याळाला सावली वाटते आणि ते चमक उतरवतं.

आता डायल. सहा खिडक्यांपैकी उन्हात कुठली लागते, असं विचारल्यावर साहेबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "वेळ आणि सुट्टी. पावलं मोजायला मी मॅरेथॉन पळत नाहीये." म्हणून उन्हात फक्त वेळ, सुट्टीची मिनिटं आणि खाली बारीकशी बॅटरी. मिळालेली सगळी जागा आकड्यांना दिली.

सुट्टीची कमान हा तर मूळचाच घोळ होता. RANGED_VALUE प्रकारातली कमान म्हणजे करड्या पट्टीवर केशरी भराव. त्या प्रतिबिंबात करडा आणि केशरी यांच्यातला फरक १.३ पटीपर्यंत खाली येतो, त्यामुळे कमान किती भरली हेच कळत नाही. ती काढून SHORT_TEXT मध्ये नुसता आकडा टाकला. हवामानाचं रंगीत चित्रही गेलं. SMALL_IMAGE प्रकारचं चित्र आपले रंग बरोबर घेऊन येतं, आणि एकरंगी केलं तर त्याचा नुसता डाग उरतो. MONOCHROMATIC_IMAGE ला मात्र डायलचा रंग नीट चढवता येतो, म्हणून बॅटरीचं चिन्ह त्या प्रकारचं ठेवलं. रंग दोनच: वेळ #FFFFFF, मिनिटं #FFFF00. पिवळा पांढऱ्याच्या ९३ टक्के उजेड देतो, त्यामुळे वेगळा ओळखू येतो आणि उन्हात फारसं काही गमावत नाही.

आकडे देवनागरी हवेत, हा साहेबांचा आग्रह. मलाही आवडलं, पण चकाकीत १ आणि ९ यांच्यातला फरक पुसट होतो, ५ आणि ६ ची तीच गत. जाड फॉन्ट घेतला की आतली पोकळी बुजते. शेवटी जाडी एक पायरी उतरवली आणि आकड्यांची उंची वाढवली.

तपासायला मोबाइलचा कॅमेरा कामाचा नाही. तो स्वतःहून उजेड जुळवून घेतो आणि फोटोत सगळंच छान दिसतं. त्यापेक्षा साहेबांना त्याच टोकावर उभं केलं, मनगट उचलून लगेच खाली टाकायला लावलं आणि किती मिनिटं उरली ते विचारलं. जुन्या डायलवर ते डोळे बारीक करून हात फिरवत बसायचे, नव्या डायलवर आकडा ताबडतोब सांगत होते. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्या एका सुपरवायझरला मात्र हात ठरावीक कोनात धरल्यावर स्क्रीन काळी दिसली. अशा स्क्रीनवर पोलरायझर असतो, त्याला डायलचा रंग काय करणार? मनगट जरा वळवा किंवा गॉगल वर करा, एवढंच सांगता आलं.

कायम दिसणारा मंद पडदाही तसाच राहिला. तिथे चमक घड्याळ ठरवतं, आणि पिक्सेल १५ टक्क्यांच्या आत पेटवावेत अशी गूगलची सूचना असते. उन्हात तो वाचता येणारच नाही. टॅप करा, नाहीतर मनगट उचला.

कंपनीच्या बाईंना केशरी गेल्याचं अजिबात आवडलं नाही. डायल ज्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेली असते तिला प्रकाशाच्या सेन्सरचं वाचन मिळत नाही, नाहीतर उन्हात पांढरी, सावलीत केशरी असं आपोआप करता आलं असतं. पण [HOUR_0_23], म्हणजे दिवसाचा चालू तास, मिळतो. म्हणून सकाळी ८ ते संध्याकाळी ६ पांढरी-पिवळी तीन खिडक्यांची डायल, आणि त्यानंतर केशरी, सगळ्या खिडक्यांसकट. तळघरात काम करणाऱ्यांना दिवसभर पांढरीच दिसते. त्यांची तक्रार अजून आलेली नाही, बाईंची दर बैठकीत असते.