वाढ कळली, नवा पगार कळला. मग जुना किती?

"नवा पगार ४६,००० आहे, वाढ १५ टक्के मिळाली. मग ४६,००० मधून १५ टक्के वजा केले की जुना पगार यायला हवा ना? उत्तर जुळतच नाही!"

वजा करू नका, भागा. ४६,००० ला १.१५ ने भागलं की ४०,००० येतात, तोच जुना पगार. पगारपत्रकं करण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे हे उत्तर मी झोपेतही देऊ शकतो. पण नुसतं उत्तर दिलं की समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या वाढीच्या वेळी पुन्हा वजाबाकी करून बसतो. म्हणून जरा सविस्तर.

आधी तुमची वजाबाकी करून बघू. ४६,००० चे १५ टक्के म्हणजे ६,९००. ते वजा केले की उरतात ३९,१००. आता या ३९,१०० ला १५ टक्के वाढ द्या. वाढ येते ५,८६५ आणि पगार होतो ४४,९६५. तुमच्या हातात तर ४६,००० चं पत्र आहे. म्हणजे ३९,१०० हा जुना पगार असूच शकत नाही. हा उलटा पडताळा मला फार प्रिय आहे. कुठल्याही पद्धतीने उत्तर काढा, त्याला वाढ देऊन नवा पगार परत येतो का बघा. आला तर बरोबर, नाही तर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता चूक नेमकी कुठे झाली ते बघा. ४६,००० ही रक्कम दोन तुकड्यांची आहे: ४०,००० जुना पगार आणि ६,००० वाढ. वाढ देताना १५ टक्के फक्त पहिल्या तुकड्यावर काढले होते. तुम्ही वजा करताना मात्र दोन्ही तुकड्यांवर काढलेत. ४०,००० चे १५ टक्के ६,०००, तेवढेच कापायचे होते. पण त्या ६,००० चेही १५ टक्के, म्हणजे ९००, उगाचच कापले गेले. ३९,१०० आणि ४०,००० मध्ये फरक बरोबर ९०० चा आहे, इकडे ना तिकडे.

वाढ लहान असली तर ही चूक पटकन डोळ्यात भरत नाही, आणि गोंधळ टिकून राहतो तो त्यामुळेच. ४०,००० ला ५ टक्के वाढ मिळाली तर ४२,००० होतात, त्यातून ५ टक्के वजा केले तर ३९,९०० येतात. शंभराचाच फरक. माणूस म्हणतो, असेल काहीतरी वर-खाली. तेच ४० टक्के वाढ मिळाली तर ५६,००० होतात, आणि वजाबाकीने जुना पगार ३३,६०० निघतो. म्हणजे तब्बल ६,४०० चा घोळ. आणि पगार दुप्पट झाला, म्हणजे १०० टक्के वाढ मिळाली, तर? नव्या पगारातून १०० टक्के वजा करा, जुना पगार शून्य! आजवर फुकट राबत होता म्हणायचं.

भागायचं कशाने हे कळायला शंभराचा आधार घ्यावा. १५ टक्के वाढ म्हणजे जुन्या शंभराचे आता एकशे पंधरा झाले. मग आजच्या एकशे पंधरामागे तेव्हा शंभर होते, तर आजच्या ४६,००० मागे तेव्हा किती? शाळेतलं साधं त्रैराशिक आहे. ४६,००० ला ११५ ने भागलं की ४०० येतात, हे झालं एका टक्क्याचं मोल. त्याला शंभराने गुणा, ४०,०००. सूत्रच हवं असेल तर हे घ्या:

जुना पगार = नवा पगार × १०० ÷ (१०० + वाढीचे टक्के)

तोंडी हिशेब करणाऱ्यांची गंमत वेगळीच. ५० टक्के वाढ म्हटली की ते म्हणतात पगार दीडपट झाला, मग दीडने भागा. ६०,००० चे ४०,०००. २५ टक्के वाढ असली तर सवापट झाला, म्हणजे जुन्या चार चतकोरांचे पाच झाले, नव्याचा पाचवा हिस्सा काढून टाका. २० टक्के वाढ असली तर पाचाचे सहा झाले, सहावा हिस्सा काढा. ५४,००० चा सहावा हिस्सा ९,०००, उरले ४५,०००. पडताळा हवा तर ४५,००० चे २० टक्के काढा, ९,००० च येतात. दीडपट झालेल्या रकमेतून निम्मी रक्कम वजा करण्याची बुद्धी कुणालाही होत नाही, पण '५० टक्के' म्हटलं की होते.

लागोपाठ दोन वाढी मिळाल्या असतील तर दोनदा भागायचं, टक्के आधी मिळवायचे नाहीत. १० आणि मग २० टक्के वाढ मिळून पगार ६६,००० झाला असेल, तर १.२ ने भागून ५५,००० आणि ते १.१ ने भागून ५०,०००. थेट ३० टक्के धरलेत तर ५०,७६९ असं काहीतरी विचित्र येईल.

विचित्र आकडा आला की हिशेब चुकलाच, असं मात्र नाही. समजा नवा पगार ५८,००० आहे आणि पत्रात लिहिलंय वाढ १२ टक्के. भागाकार करा, ५१,७८५ आणि वर ७१ पैसे येतात. असा पगार कुणी ठरवत नाही. बहुतेक वेळा इथे पत्रातले टक्के पूर्णांकात लिहिलेले असतात. खरी वाढ साडेअकरा ते साडेबारा टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते, म्हणजे जुना पगार साधारण ५१,५५६ ते ५२,०१८ यांच्या दरम्यान. ५२,००० वरून ५८,००० झाले असतील तर वाढ ११.५४ टक्के होते आणि पत्रात १२ च छापली जाते. अशा वेळी नुसत्या टक्क्यांवरून नेमका आकडा मिळणार नाही, जुनी पगारपावतीच काढावी लागेल.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो टक्के कशावरचे हे न पाहिल्याने. वाढ फक्त मूळ वेतनावर असेल आणि भत्ते तसेच राहिले असतील, तर एकूण पगाराला भागून उपयोग नाही. नवं मूळ वेतन ३३,०००, भत्ते २०,०००, एकूण ५३,००० असं धरा, आणि वाढ मूळ वेतनावर १० टक्के. ५३,००० ला १.१ ने भागलंत तर ४८,१८२ येतात, आणि ते चूक. भागायचे ते फक्त ३३,०००. त्याचे ३०,००० झाले, भत्ते मिळवले, जुना पगार ५०,०००. एकूणात पाहिलं तर वाढ ६ टक्केच झाली, म्हणून तर '१० टक्के वाढ' ऐकून आलेला माणूस पगार बघून माझ्या टेबलाशी येतो. आणि खात्यात जमा झालेली रक्कम घेऊन भागायला बसू नका. कर आणि इतर कपाती वाढीच्याच प्रमाणात वाढतील असं नसतं, त्यामुळे कपातीच्या आधीचा आकडा घ्या, मगच १.१५ ला हात लावा.